‘मंत्र्यांनी परतले’ कुठे चुकते?

मराठीत भूतकाळी क्रियापद सकर्मक असेल, तर कर्त्याला सहसा ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे बदलते: रामाने आंबा खाल्ला, रामाने पोळी खाल्ली. क्रियापद अकर्मक असेल, तर कर्ता प्रत्ययाविना राहतो आणि क्रियापद त्याच्याच मागे जाते: राम गेला, सीता गेली. पहिला कर्मणी प्रयोग, दुसरा कर्तरी. ही वाटणी संस्कृतातून आली आहे. भूतकाळवाचक ‘क्त’ प्रत्यय सकर्मक धातूला लागला की रूप कर्मणी होते, ‘रामेण फलं खादितम्’ असे. गतिवाचक आणि अकर्मक धातूंना मात्र तोच प्रत्यय कर्त्याच्या अर्थीही लागतो, ‘रामः गतः’ असा. पाणिनीने यासाठी स्वतंत्र सूत्र केले आहे.

मी, तू, आम्ही, तुम्ही या सर्वनामांना दोन्ही प्रयोगांत एकच रूप आहे. ‘मी गेलो’ आणि ‘मी आंबा खाल्ला’ यांत ‘मी’ बदलत नाही. त्यामुळे चुकीचा ‘ने’ सापडतो तो नामांपाशी आणि तृतीय पुरुषी सर्वनामांपाशी. ‘त्याने हसला’ असे सहसा कोणी लिहीत नाही, कारण ते कानालाच खुपते. चूक शिरते ती लांब वाक्यात. हा बातमीच्या धाटणीचा नमुना पाहावा: ‘मंत्र्यांनी पूरग्रस्त गावांना भेटी देऊन, शेतकऱ्यांची निवेदने स्वीकारून रात्री उशिरा मुंबईला परतले.’ लिहिणाऱ्याच्या मनात सुरुवातीला ‘भेटी दिल्या’ होते, म्हणून ‘मंत्र्यांनी’ आले. पण ‘देऊन’ आणि ‘स्वीकारून’ या धातुसाधितांना कर्त्याचे रूप ठरवण्याचा अधिकार नाही. तो वाक्य संपवणाऱ्या क्रियापदाचा, आणि ‘परतणे’ अकर्मक आहे. मधला मजकूर काढला की उरते ‘मंत्र्यांनी परतले’. हवे होते ‘मंत्री परतले’. उलट दिशेची चूकही याच कारणाने होते: ‘तो घरी येऊन जेवण केले.’ इथे ‘करणे’ सकर्मक आहे, म्हणून ‘त्याने’ हवे.

‘मंत्र्यांनी परतले’ नजरेतून सुटते, याला आणखी एक कारण आहे. ‘परतले’मधला ‘ले’ पुल्लिंगी अनेकवचनाचाही असतो आणि ‘त्यांनी सांगितले’मधल्यासारखा नपुंसकलिंगी एकवचनाचाही. दोन्ही सारखेच दिसतात. शंका आली तर कर्ता स्त्रीलिंगी एकवचनी करून पाहावा. ‘तिने परतली’ म्हणताच जीभ अडखळते.

संयुक्त क्रियापदांत निर्णय सहायक क्रियापदाकडे जातो, आणि इथे सुशिक्षित लेखकही घसरतात. ‘पोलिसांनी चोराला पकडू शकले नाहीत’ हे वाक्य चूक आहे. ‘पकडणे’ सकर्मक असले, तरी ‘शकणे’ कर्तरीच चालते: पोलीस चोराला पकडू शकले नाहीत. ‘लागणे’चेही तसेच, ती पत्र लिहू लागली, ‘तिने’ नव्हे. याउलट ‘रडणे’ अकर्मक असूनही ‘तिने रडून घेतले’ बरोबर, कारण तिथे शब्द ‘घेणे’चा चालतो.

कर्म असले की ‘ने’ आलाच, असेही नाही. बोलणे, विसरणे, शिकणे, नेसणे ही क्रियापदे कर्म बाळगूनही कर्तरी राहतात: तो खोटे बोलला, ती नाव विसरली, ती साडी नेसली. मुंबईत सर्रास ऐकू येणारे ‘त्याने बोलला’ हे बोलचालीतल्या हिंदी ‘उसने बोला’ची सावली दिसते. ‘म्हणणे’ने तर दोन रूपे राखली आहेत आणि दोघांचे कर्ते वेगळे: ‘ते म्हणाले’, पण ‘त्यांनी म्हटले’. ‘त्यांनी म्हणाले’ ही या दोहोंची सरमिसळ. छापील मजकुरातही ती आढळते. क्रीडापानावरची जोडी ‘जिंकणे’ आणि ‘हरणे’ यांची. भारताने मालिका जिंकली, पण भारत मालिका हरला. ‘भारताने’ ठेवायचेच असेल, तर ‘भारताने मालिका गमावली’ असे लिहावे.

अकर्मक क्रियापदाशेजारी ‘ने’ दिसला की लाल शाई उचलावी, असे मात्र नाही. ‘पावसाने पूल वाहून गेला’ किंवा ‘ती तापाने फणफणली’ यांतला ‘ने’ कारण दाखवतो. कर्ते आहेत पूल आणि ती, आणि ते प्रत्ययाविनाच आहेत. ‘त्याने वेळेवर यावे’ हेही शुद्ध आहे. ‘आवे’ प्रत्ययाच्या विध्यर्थी रूपात अकर्मक क्रियापदाचा कर्ताही ‘ने’ घेतो आणि प्रयोग भावे होतो. म्हणूनच ‘त्याने यावे, असे ठरले, पण तो आला नाही’ या एकाच वाक्यात त्याच क्रियापदाला ‘त्याने’ही लागतो आणि ‘तो’ही.