माझेनचे वडील की अबू माझेन?

पॅलेस्टिनी नेते महमूद अब्बास यांना त्यांचे लोक 'अबू माझेन' म्हणतात. माझेन हा त्यांचा मुलगा. थोरल्या मुलाच्या नावावरून बापाला 'अबू अमुक' आणि आईला 'उम्म अमुक' म्हणायची ही अरबी रीत; अशा नावाला 'कुन्या' म्हणतात. आपल्याकडच्या 'बंडूचे बाबा'सारखीच ही हाक वाटेल. पण आपण तशी हाक मारतो ती बहुधा नाव घेणे टाळण्यासाठी. अरबीत कुन्या हे स्वतःच एक मानाचे नाव असते.

मग इंग्रजीत भाषांतर करताना 'फादर ऑफ माझेन' लिहावे का? इथेच गफलत होते, कारण प्रत्येक कुन्येमागे मूल असतेच असे नाही. पैगंबरांच्या पत्नी आयशा यांना अपत्य नव्हते, तरी त्या 'उम्म अब्दुल्ला' होत्या. अब्दुल्ला हा त्यांच्या बहिणीचा मुलगा. यासर अराफात 'अबू अम्मार' होते, पण त्यांना अम्मार नावाचा मुलगा नव्हता. इस्लामच्या आरंभीच्या काळात यासर यांचे पुत्र अम्मार प्रसिद्ध होते, म्हणून यासर नावाच्या माणसाला 'अबू अम्मार' म्हणायची पद्धत पडली. हदीस सांगणारे 'अबू हुरैरा' यांच्या नावाचा शब्दशः अर्थ 'मांजरीच्या पिल्लाचा बाप'. त्यांना पिल्लाचा लळा होता, म्हणून ते नाव पडले असे परंपरा सांगते.

म्हणून जाणकार भाषांतरकार कुन्या सहसा जशीच्या तशी ठेवतात. नजीब महफूझ यांच्या कैरोवरील कादंबरीत्रयीत 'उम्म हनफी' नावाची घरकाम करणारी बाई आहे. 1990 साली आलेल्या 'पॅलेस वॉक' या इंग्रजी भाषांतरातही ती उम्म हनफीच राहिली. तिला 'हनफीची आई' केले असते, तर वाचक पानोपानी हनफीला शोधत बसला असता. नावाच्या अर्थावर प्रसंगच बेतलेला असेल, तर तो अर्थ पहिल्या उल्लेखापाशी एकदा सांगून टाकावा.

विभक्तीचाही एक सापळा आहे. वाक्यातल्या जागेप्रमाणे अभिजात अरबीत 'अबू'चे 'अबा' किंवा 'अबी' होते. अली यांच्या वडिलांचे नाव अबू तालिब. पण 'तालिबच्या बापाचा मुलगा' अशा रचनेत ते 'अली इब्न अबी तालिब' असे येते. रूढ झालेले हे रूप इंग्रजीत तसेच चालते, मात्र वडिलांचा स्वतंत्र उल्लेख आला की 'अबू तालिब' लिहावे. नाहीतर वाचकाला ती दोन माणसे वाटतात. संवादातल्या 'या अबा माझेन' या हाकेचेही इंग्रजीत 'अबू माझेन'च करावे.

कुन्येचे दोन तुकडे मात्र कधीच करू नयेत. 'मिस्टर अबू' म्हणजे नुसतेच 'श्रीयुत बाप', आणि 'मिस्टर माझेन' म्हटले तर मान वडिलांऐवजी मुलाला जातो. बातमीत पहिल्यांदा 'महमूद अब्बास, म्हणजेच अबू माझेन' असे लिहावे आणि पुढे नुसते 'अब्बास' म्हणावे.