एकच वाट, तीन मुक्काम

अमेरिकेत मुलांकडे गेलेले आईबाबा आणि चढाला सरावलेली मुलं एकत्र योसेमिटी नॅशनल पार्कला निघाली, की सगळ्यांना जमेल असा ट्रेल शोधणं सुरू होतं. माझ्या मते शोधावी ती अशी वाट, जिच्यावरून ज्याला जिथून हवं तिथून मागे फिरता येतं. हॅपी आयल्सपासून निघणारी ‘मिस्ट ट्रेल’ तशी आहे.

पहिला टप्पा व्हर्नल धबधब्यासमोरचा लाकडी पूल. जाऊन-येऊन जेमतेम अडीच किलोमीटर आणि वाट डांबरी, म्हणून लोक तिला सोपी समजतात. पण पुलापर्यंतच्या सव्वा किलोमीटरमध्ये १२० मीटर चढ आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाने किलोमीटरपेक्षा हा आकडा आधी बघावा. थांबत-थांबत गेलं तर दीड तासात परत येता येतं. पुलावरून धबधबा लांबून पण छान दिसतो. उन्हाळ्यात तिथे प्यायचं पाणी आणि स्वच्छतागृहही असतं.

खरा फरक पुलानंतर पडतो. धबधब्याचा माथा तिथून साडेसहाशे मीटरच, पण तेवढ्यात १८० मीटर चढायचं असतं. त्यात ग्रॅनाइटच्या सहाशेवर उंच-सखल पायऱ्या. मे-जूनमध्ये वरचा बर्फ वितळून धबधबा भरात असतो आणि तुषारांनी माणूस नखशिखांत भिजतो. मजा तेव्हाच सगळ्यात जास्त आणि पाय घसरण्याची भीतीही तेव्हाच. ऑगस्ट संपताना धार बारीक होते, पायऱ्या बऱ्याच कोरड्या असतात. आई-वडिलांना माथ्यापर्यंत न्यायचंच असेल, तर मी हा काळ निवडेन. जाऊन-येऊन तीन तास धरा.

त्यापुढचा नेवाडा धबधबा सरावलेल्यांसाठी. सगळं मिळून पावणेनऊ किलोमीटर, सहाशे मीटर चढ, पाच-सहा तास. उन्हाळ्यात दुपारी कधी कधी विजा कडाडतात, म्हणून सकाळी लवकर निघावं.

चढताना दम लागतो, पण गुडघ्यांची परीक्षा उतरताना होते. ओल्या पायऱ्यांवरून वर येणाऱ्यांच्या गर्दीतून खाली येण्यापेक्षा नेवाडाहून जॉन म्यूर ट्रेलने उतरावं. वाट लांबची, पण उतार सौम्य. व्हर्नलच्या माथ्यावरूनही क्लार्क पॉइंटमार्गे तिला लागता येतं, फक्त त्यासाठी आधी आणखी थोडं चढावं लागतं. थकलेल्या माणसाला हे आधीच सांगून ठेवावं.

माथ्यावरचा एमराल्ड पूल डोहासारखा शांत दिसतो. त्यात पाय बुडवायलाही उतरू नका. पाण्याची ओढ थेट कड्याकडे असते आणि इथे माणसं वाहून गेली आहेत.

पुलावर थांबणाऱ्यांशी भेटायची वेळ निघण्याआधीच ठरवा, मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबू नका. ती वेळ गाठायची, तर वर गेलेल्यांनी किती वाजता मागे फिरायचं हेही तेव्हाच ठरवा आणि नेवाडा समोर दिसत असला तरी तेव्हा फिराच.