चारशे तुटले, पण माल कोणी घेतला?

दुपारी कुठल्यातरी ग्रुपवर मेसेज पडतो: “ब्रेकआउट दिलाय, ४०० च्या वर टिकतोय, घ्या.” सोबत चार्टचा फोटो. त्यावर एक आडवी रेघ आणि रेघेच्या वर डोकं काढलेली हिरवी कॅन्डल. चार्टच्या तळाशी व्हॉल्यूमचे उभे दांडे असतात, त्या दिवशी किती शेअरची खरेदी-विक्री झाली ते सांगणारे. फोटोत तेवढा भाग पुष्कळदा कापलेला असतो, आणि बघण्यासारखं नेमकं तिथेच काहीतरी असतं.

समजा, एक मध्यम आकाराच्या कंपनीचा शेअर चार महिने ३६० ते ४०० च्या दरम्यान फिरतो आहे. या काळात तो तीनदा ४०० ला गेला आणि तीनदा तिथून मागे फिरला. आकडे कल्पित आहेत, पण असा चार्ट कुठल्याही आठवड्यात सापडेल. या शेअरचं गेल्या वीस दिवसांचं सरासरी व्हॉल्यूम रोज २ लाख शेअर आहे. ४०० ला जाऊन आपटला त्या तिन्ही दिवशी मात्र प्रत्येकी ५ लाखांच्या आसपास व्यवहार झाले होते.

आता ४०० ला तो अडतो का, हे आधी बघू. चार्टवरच्या रेघेत स्वतःची ताकद नसते. ताकद असते तिथे बसलेल्या माणसांची. मागच्या तीन वेळी ज्यांनी ३९५ ते ४०० ला शेअर घेतले आणि मग भाव ३६५ ला आलेला पाहिला, ते अडकलेले लोक आहेत. “मुद्दल सुटलं की बाहेर पडायचं” एवढंच त्यांच्या मनात आहे. त्यांच्या जोडीला एखादा मोठा गुंतवणूकदार असतो. त्याला बरेच शेअर विकायचे असतात आणि ४०० च्या खाली तो विकायला तयार नसतो. या दोघांचा माल मिळून ४०० ला विक्रीचा थर साचतो. बाजाराच्या भाषेत त्यालाच रेझिस्टन्स म्हणतात.

म्हणजे भाव खऱ्या अर्थाने ४०० च्या वर जायचा तर हा साचलेला माल कोणीतरी उचलायला हवा. तो उचलला गेला की अडकलेले मोकळे होतात, मोठ्या विक्रेत्याचा साठा संपतो आणि शेअर अशा नव्या लोकांच्या हातात जातात, ज्यांनी ४०० च्या वरचा भाव समजून-उमजून मोजला आहे. त्यांना ४०५ ला विकायची घाई नसते. व्हॉल्यूमने भावाला दुजोरा मिळतो म्हणतात त्याचा अर्थ हा. “आज विकणाऱ्यांपेक्षा घेणारे जास्त होते,” हे टीव्हीवरचं वाक्य त्यासाठी विसरलेलं बरं. जेवढे शेअर विकले जातात तेवढेच घेतले जातात. मोठं व्हॉल्यूम सांगतं ते एवढंच, की त्या भावाला बराच माल एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

मंगळवारी हा शेअर ३९६ ला उघडला आणि ४०७ ला बंद झाला. रेघ तुटली. दिवसाचं व्हॉल्यूम होतं १ लाख १० हजार, म्हणजे सरासरीच्या जेमतेम निम्मं.

हे घडतं कसं, ते ऑर्डर बुकमध्ये दिसतं. ब्रोकरच्या ॲपवर ‘मार्केट डेप्थ’ उघडली की विक्रीच्या पहिल्या पाच पायऱ्या दिसतात. समजा त्या क्षणी ४०० ला ४,००० शेअर, ४०१ ला १,५००, ४०२ ला ९००, ४०३ ला १,२०० आणि ४०४ ला ६०० विक्रीला आहेत. एकूण ८,२००. कोणी एकाने तेवढ्या शेअरची बाजारभावाने खरेदीची ऑर्डर टाकली तर सुमारे ३३ लाखांत सगळ्या पायऱ्या साफ होतात आणि पुढचा सौदा ४०५ ला लागतो. ज्यांनी आधी शेअर उसना विकून मंदी केली होती, त्यांचे स्टॉप लॉस ४०२-४०३ ला लावलेले असतात. ते उडाले की आपोआप आणखी खरेदी होते. मग ब्रेकआउटवर नजर ठेवून बसलेले छोटे ट्रेडर धावतात. भाव ४०७ ला पोचतो आणि संध्याकाळी चार्ट अगदी देखणा दिसतो.

पण हिशेब जुळत नाही. ४०० च्या आसपास पूर्वी तीन वेळा मिळून जवळजवळ १५ लाख शेअरचे व्यवहार झाले होते. त्यातले सगळेच आजवर अडकून नाहीत, बरेच जण मधल्या काळात तोटा सोसून गेले असतील, काही सौदे तर त्याच दिवशी उलटवलेले असतील. तरी दोन-तीन लाख शेअर अजून ४०० ची वाट पाहत असणारच. आणि पूर्ण दिवसात विकले गेले १ लाख १० हजार, तेही ३९६ ते ४०७ अशा सगळ्या भावांना मिळून. विक्रीचा थर कोणी फोडला नाही. विक्रेते त्या दिवशी फक्त बाजूला थांबले होते. वर जातोय तर जाऊ दे, आणखी चार रुपये मिळतील, असा विचार करून.

लासलगावला ज्या दिवशी कांद्याची आवक नावापुरती असते त्या दिवशीचा कमाल भाव कोणी बाजारभाव धरत नाही, शेतकरी सर्वसाधारण भाव आणि आवक दोन्ही विचारतो. शेअरच्या बाबतीत मात्र आपण नुसत्या कमाल भावावर धावतो.

गुरुवारी ४०९ पर्यंत जाऊन तो थांबलेला विक्रेता बाजारात उतरतो. भाव ३९८ ला बंद होतो आणि व्हॉल्यूम २ लाख ६० हजार. वर जाताना निम्मं, खाली येताना सव्वापट. फसलेला ब्रेकआउट ओळखायची याहून सरळ खूण मला माहीत नाही. शुक्रवारी ४०० च्या खाली ३९५ पर्यंत लावलेले स्टॉप लॉस एकामागून एक लागतात आणि नव्याने घेतलेले लोक आता अडकलेल्यांच्या रांगेत जाऊन बसतात. पुढच्या वेळी ४०० चा थर आणखी जाड.

याच शेअरचा दुसरा शेवट कल्पून पाहा. व्हॉल्यूम ९ लाख, दिवसाचा उच्चांक ४१२ आणि बंद भाव ४११. पुढचे चार दिवस तो हळूहळू ४०२ पर्यंत उतरतो, पण रोज जेमतेम सव्वा लाख शेअरच्या व्यवहारांवर. इथे कमी व्हॉल्यूम चांगलं लक्षण आहे, कारण ४०२ ला विकायला कोणी फारसं पुढे येत नाही. व्हॉल्यूमचा दांडा एकटा वाचता येत नाही तो यासाठी. भाव कुठे चालला होता आणि कुठल्या पातळीवर होता, हे सोबत असलंच पाहिजे.

मोजणीत दोन चुका सर्रास होतात. पहिली वेळेची. बाजार ९.१५ ते ३.३० चालतो आणि पहिल्या व शेवटच्या तासात व्यवहार दाट असतात. अकरा वाजता “अजून ८० हजारच झालेत” म्हणून ब्रेकआउट कमजोर ठरवणं जितकं चूक, तितकंच साडेनऊच्या गर्दीवरून तो जोरदार ठरवणं. तुलना त्याच वेळेपर्यंतच्या रोजच्या व्हॉल्यूमशी करायची, नाहीतर बंद होईपर्यंत थांबायचं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीचं मुहूर्ताचं सत्र तासाभराचं असतं. त्यात तुटलेल्या रेघेला मी तरी काडीची किंमत देत नाही. दुसरी चूक शेअर विभाजनाची. एका शेअरचे पाच झाले की व्हॉल्यूमही तेवढ्या पटीने फुगलेलं दिसतं. जुने आकडे त्या हिशेबाने वाढवून घेतले नाहीत तर रोजच ब्रेकआउट दिसेल.

मोठं व्हॉल्यूमसुद्धा पोकळ असू शकतं. सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्यांचे सौदेही त्यात मोजले जातात. म्हणून डिलिव्हरीचा आकडा बघावा, म्हणजे दिवसअखेर किती शेअर खरोखर कोणाच्या डीमॅट खात्यात जाणार तो. ९ लाखांपैकी १८ टक्के डिलिव्हरी असेल तर १ लाख ६२ हजार शेअरच कोणी घरी नेले. ५५ टक्के असेल तर जवळजवळ ५ लाख. थर कोणत्या दिवशी फुटला, हे वेगळं सांगायला नको.

तरी डिलिव्हरी हाही शेवटचा पुरावा नाही. एकाच टोळीतली खाती आपापसांत शेअर फिरवत राहिली, तर भाव, व्हॉल्यूम आणि डिलिव्हरी तिन्ही रंगवता येतात. याला सर्क्युलर ट्रेडिंग म्हणतात. केतन पारेख प्रकरणात हेच तंत्र गाजलं आणि २००३ मध्ये सेबीने त्यांच्यावर १४ वर्षांची बंदी घातली. छोट्या, बातमीत कधी नसलेल्या कंपनीचं व्हॉल्यूम एकाएकी वीसपट झालं आणि कारण शोधून सापडेना, तर दुजोरा मिळाला म्हणण्यापेक्षा लांब राहणं शहाणपणाचं.

अप्पर सर्किटला हा नियमच उलटतो. खरेदीदारांची रांग लागलेली असते, विकायला कोणी तयार नसतो, त्यामुळे दिवसभरात पाच-सातशे शेअरचेच व्यवहार होतात. ते कमी व्हॉल्यूम मागणीच्या अभावाचं नाही. फक्त एवढं लक्षात असू द्यावं, की तोच शेअर लोअर सर्किटला लागला की विकणाऱ्यांची तशीच रांग लागते आणि बाहेर पडायचं दार बंद होतं.

भाव खाली तुटतानाही व्हॉल्यूमची अट तितकी कडक नाही. एडवर्ड्स आणि मॅगी यांच्या १९४८ च्या तांत्रिक विश्लेषणावरील पुस्तकात हा फरक मांडलेला आहे. चढायला पैसा ओतावा लागतो. पडायला खरेदीदार नुसते बाजूला झाले तरी पुरतं. त्यामुळे “सपोर्ट तुटला, पण व्हॉल्यूम कमी आहे, काळजी नको,” असा धीर देणाऱ्याचं ऐकू नका.

कमी व्हॉल्यूमवरचा प्रत्येक ब्रेकआउट फसतोच असं मात्र नाही. काही शेअर चोरपावलांनी वर जातात आणि व्हॉल्यूम दोन-चार दिवसांनी येतं. अशा वेळी थांबलेल्याला ४०७ ऐवजी ४१५ मोजावे लागतात. माझ्या मते हे आठ रुपये महाग नाहीत. ४०७ ला घेऊन ३९५ ला स्टॉप लॉस लागला तर बारा जातात, आणि ते एकदाच जातात असंही नाही.

दिवसाचं व्हॉल्यूम आणि डिलिव्हरीचं प्रमाण, दोन्ही आकडे एनएसईच्या संकेतस्थळावर बाजार बंद झाल्यावर फुकट मिळतात. बीएसईवरचे व्यवहारही एकदा पडताळून पाहा. मेसेज आला की खरेदीचं बटण दाबण्याआधी संध्याकाळपर्यंत थांबा आणि हे आकडे वीस दिवसांच्या सरासरीशेजारी ठेवून बघा. तेवढ्या वेळात हातातून निघून जाणारा ब्रेकआउट जाऊ द्या.