रंगावरून मोजलेले लोह

लोहयुक्त बोअरवेलचे पाणी उपसताना नितळ दिसते. बादलीत काही वेळ राहिले की ते पिवळसर होऊ लागते आणि तळाशी तांबूस गाळ बसतो. या पाण्यात लोह नेमके किती आहे, हे प्रयोगशाळेत बहुधा स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ठरवले जाते. हे यंत्र लोह मोजत नाही. द्रावणाने किती प्रकाश अडवला एवढेच ते सांगते, आणि त्यावरून लोहाचा आकडा काढण्याचे काम माणसाला करावे लागते.

पाण्यात विरघळलेल्या थोड्याशा लोहाला डोळ्यांना जाणवेल असा रंग नसतो, म्हणून तो आधी आणावा लागतो. नमुन्यात हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड घातले की सगळे फेरिक लोह फेरस रूपात येते. मग सोडियम अॅसिटेटने आम्लता योग्य पातळीवर आणून फेनँथ्रोलिन घालतात. दहा-पंधरा मिनिटांत द्रावण नारिंगी-लाल होते आणि हा रंग बराच काळ टिकतो. द्रावण नारिंगी दिसते, कारण ते निळसर-हिरवा प्रकाश शोषून घेते. हे शोषण ५१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते, म्हणून यंत्र तिथेच लावतात.

यंत्रातल्या दिव्याच्या प्रकाशातून हवी ती तरंगलांबी वेगळी काढली जाते. तो किरण क्युव्हेटमधून, म्हणजे एक सेंटिमीटर रुंदीच्या पारदर्शक चौकोनी नळीतून, पाठवतात आणि पलीकडचा संवेदक किती प्रकाश पोहोचला ते मोजतो. समजा, द्रावणाच्या पहिल्या थराने निम्मा प्रकाश अडवला. तेवढ्याच जाडीचा दुसरा थर उरलेल्याच्या निम्मा अडवेल, तिसरा त्याच्याही निम्मा. पार होणारा प्रकाश १०० वरून ५०, २५, १२.५ टक्के असा घटत जातो. थराची जाडी वाढवण्याऐवजी विरघळलेला पदार्थ दुप्पट-तिप्पट केला, तरी हेच घडते. त्यामुळे पार झालेला प्रकाश आणि संहती, म्हणजे द्रावणातले पदार्थाचे प्रमाण, यांचा आलेख सरळ येत नाही, तो वाकतो.

दर पायरीला ठरावीक पटीने घटणाऱ्या आकड्यांचा लॉगॅरिदम घेतला की तो समान टप्प्यांनी बदलतो. म्हणून शोषणांक असा मोजतात:

A = log(I₀/I)

यात I₀ म्हणजे आत शिरलेला प्रकाश आणि I म्हणजे बाहेर पडलेला. निम्मा प्रकाश पार झाला तर शोषणांक सुमारे ०.३, दहा टक्के पार झाला तर १ आणि एकच टक्का पार झाला तर २. थराच्या जाडीचा नियम बूगेर यांनी १७२९ मध्ये आणि लँबर्ट यांनी १७६० मध्ये मांडला. संहतीचा संबंध बेअर यांनी १८५२ मध्ये जोडला. आज तो एकाच सूत्रात लिहितात:

A = εbc

इथे b ही क्युव्हेटची रुंदी, c ही संहती आणि ε हा त्या रंगीत पदार्थाचा त्या तरंगलांबीवरचा स्वतःचा गुणक. लोह-फेनँथ्रोलिनसाठी तो सुमारे ११,१०० आहे. त्या हिशेबाने लिटरमागे एक मिलिग्रॅम लोहाला सुमारे ०.२ शोषणांक मिळायला हवा.

मग थेट या गुणकाने भागून उत्तर का काढत नाहीत? प्रत्येक यंत्र, रसायनांची प्रत्येक बाटली आणि प्रत्येकाचा हात थोडा वेगळा असतो, म्हणून. खात्रीचा मार्ग तुलनेचा आहे. लोहाचे प्रमाण माहीत असलेली द्रावणे नमुन्यासारखीच हाताळायची आणि नमुना त्यांच्या रांगेत कुठे बसतो ते पाहायचे.

०.०७०२ ग्रॅम फेरस अमोनियम सल्फेट थोडे सल्फ्युरिक आम्ल घातलेल्या पाण्यात विरघळवून एक लिटर केले, की लिटरमागे १० मिलिग्रॅम लोहाचे मूळ द्रावण तयार होते. ते २.५, ५, १०, १५ आणि २० मिलिलिटर असे पिपेटने पाच फ्लास्कमध्ये घेतात, सगळी रसायने घालतात आणि पाण्याने प्रत्येकी ५० मिलिलिटरपर्यंत भरतात. लिटरमागे ०.५, १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅम लोहाची प्रमाण द्रावणे झाली. सहाव्या फ्लास्कमध्ये लोह सोडून बाकी सगळे असते. हा ब्लँक. यंत्राचे शून्य साध्या पाण्यावर न लावता यावर लावतात, कारण रसायनांतही लोहाचा अंश असू शकतो.

एका नमुनादाखल मालिकेत शोषणांक अनुक्रमे ०.१०१, ०.१९७, ०.३९९, ०.५९४ आणि ०.७९७ आले, असे धरू. शून्यासह हे बिंदू आलेखावर मांडून त्यांना सर्वांत जवळची रेषा काढली, तर ती जवळजवळ शून्यातूनच जाते आणि तिचा चढ ०.१९९ येतो. आता बोअरवेलच्या पाण्याचे २५ मिलिलिटर अशाच फ्लास्कमध्ये घेऊन, तीच रसायने घालून ५० मिलिलिटर केले आणि शोषणांक ०.३४२ मिळाला. ०.३४२ ला ०.१९९ ने भागले की १.७२ येतात. हे फ्लास्कमधले लोह झाले, बोअरवेलमधले नव्हे. पाणी दुप्पट विरळ केले होते, म्हणून मूळ पाण्यात लिटरमागे ३.४४ मिलिग्रॅम. विद्यार्थ्यांच्या हातून सर्वाधिक निसटते ती हीच शेवटची पायरी.

बिंदू सुबक सरळ रेषेत आले म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही. मूळ द्रावण करताना वजनात चूक झाली, तरी रेषा तितकीच सरळ येते, फक्त तिचा चढ चुकतो. इथे तो ११,१०० चा गुणक उपयोगी पडतो. चढ ०.२ च्या जवळ नसेल, तर आधी मूळ द्रावण तपासावे.

नमुन्याचा शोषणांक शेवटच्या प्रमाण द्रावणाच्या वर गेला, तर रेषा अंदाजाने पुढे ओढू नये. यंत्रात नको असलेला थोडा भटका प्रकाश नेहमी संवेदकापर्यंत पोहोचतो. तो एक टक्का जरी असला, तरी खरा २ शोषणांक यंत्रावर १.७ दिसतो आणि रेषा वरच्या टोकाला वाकते. अशा वेळी रंग आलेले द्रावण पातळ करूनही भागत नाही, कारण सगळ्या लोहाला पुरेल एवढे फेनँथ्रोलिन त्यात होते की नाही, हे ठाऊक नसते. नमुनाच कमी घेऊन पुन्हा रंग आणावा.

गढूळपणा प्रकाश विखुरतो आणि यंत्राला ते शोषणच वाटते. क्युव्हेटवरचे बोटांचे ठसे आणि आतले बुडबुडेही हेच करतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. ७०० नॅनोमीटरवर हा नारिंगी रंग जवळजवळ काहीच शोषत नाही. तिथेही आकडा दिसला, तर तो लोहाचा नाही. उलट चूक बाटलीत होते. पाणी तसेच ठेवले, तर लोह गाळ होऊन तळाशी बसते आणि वरचे पाणी कमी लोह दाखवते. म्हणून नमुना घेतानाच बाटलीत आम्ल घालतात.

शेवटची पडताळणी नमुन्यातच करता येते. त्याच २५ मिलिलिटर पाण्यात मूळ द्रावणाचे ५ मिलिलिटर जास्त घालून ५० मिलिलिटर केले, की फ्लास्कमध्ये लिटरमागे बरोबर १ मिलिग्रॅमची भर पडते. शोषणांक ०.३४२ वरून ०.५४१ वर जायला हवा. तो ०.५३८ आला, म्हणजे घातलेल्यापैकी सुमारे ९८ टक्के लोह परत मिळाले आणि पाण्यातले दुसरे काही रंगाच्या आड येत नाही. तो ०.४५ वरच अडकला असता, तर रेषा कितीही सरळ असली तरी ३.४४ हा आकडा अहवालात लिहिता आला नसता.