तीस-एकतीस तारीख पहिल्या रकान्यात

ऑगस्ट २०२६ शनिवारी सुरू होतो आणि एकतीस दिवसांचा आहे. कॅलेंडर छापणाऱ्याच्या दृष्टीने असा महिना म्हणजे डोकेदुखी. आठवडा रविवारपासून धरला तर पहिल्या आठवड्यात एकटी १ तारीख येते, पुढे चार आठवडे भरतात आणि ३० चा रविवार नि ३१ चा सोमवार शिल्लक राहतात. म्हणजे सहा आठवडे झाले, आणि पानावर जागा मात्र पाचांचीच. यावर कालनिर्णयसारख्या आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरांनी काढलेला तोडगा आपण इतक्या वर्षांत इतका पाहिला आहे की तो डोळ्यांना जाणवतही नाही. डावीकडे वरून खाली रवि, सोम, मंगळ असे वार, आणि उरलेल्या ३० नि ३१ तारखा थेट पहिल्या रकान्यात, १ तारखेच्या वर मोकळ्या पडलेल्या घरांमध्ये. महिन्याच्या सुरुवातीलाच ३० तारीख दिसली म्हणून कोणी दूधवाल्याशी वाद घालत नाही.

हेच कॅलेंडर एक्सेलमध्ये असं करता येतं की एका सेलमध्ये महिना नि दुसऱ्यात वर्ष टाकलं की अख्खं पान आपोआप बदलावं, आणि छापून स्वयंपाकघरात लावता यावं. त्यासाठी एकच फॉर्म्युला पुरतो. तो समजून घ्यायला मात्र आधी एक गोष्ट माहीत हवी: एक्सेलला तारीख कळत नाही, त्याला फक्त मोजलेले दिवस कळतात. १ जानेवारी १९०० हा त्याचा पहिला दिवस. तिथून मोजत आलं की १ ऑगस्ट २०२६ हा ४६२३५ वा दिवस ठरतो. सेलला तारखेचं फॉरमॅट दिलं की तोच आकडा आपल्याला तारीख म्हणून दिसतो. तयार कॅलेंडरमध्ये तारखांऐवजी चाळीस-पन्नास हजारांच्या घरातले आकडे दिसू लागले तर घाबरू नये, फक्त फॉरमॅट द्यायचं राहिलेलं असतं. (या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधी न उगवलेला दिवसही धरलेला आहे. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममधली ही चूक एक्सेलने जुळवून घेण्यासाठी मुद्दाम ठेवली. जानेवारी-फेब्रुवारी १९०० चं कॅलेंडर कोणाला हवं असेल तर त्याचे वार चुकतील, बाकीच्यांना काही फरक पडत नाही.)

आता मांडणी. A1 मध्ये ‘महिना’ लिहा आणि B1 मध्ये 8. C1 मध्ये ‘वर्ष’ आणि D1 मध्ये 2026. एकाच सेलमध्ये पूर्ण तारीख टाकूनही हे जमतं, पण 8/1/2026 म्हणजे काही कॉम्प्युटरांवर ८ जानेवारी आणि काहींवर १ ऑगस्ट. दोन वेगळे सेल ठेवले की ही भानगडच उरत नाही.

दोन फंक्शनं लागतात. WEEKDAY हे तारखेचा वार आकड्यात सांगतं: रविवारला १, सोमवारला २, असं करत शनिवारला ७. SEQUENCE हे सांगाल तितक्या ओळी आणि रकाने ओळीने आकड्यांनी भरून देतं. त्याला चार गोष्टी सांगता येतात: किती ओळी, किती रकाने, सुरुवात कुठून आणि प्रत्येक वेळी किती पुढे जायचं. चौथी सांगितली नाही तर ते एकेकाने पुढे जातं, आणि आपल्याला तेच हवं आहे.

सगळी गंमत ‘सुरुवात कुठून’ यात आहे. १ ऑगस्टचा वार शनिवार, म्हणजे ७. घरं रविवारपासून सुरू होतात, तेव्हा १ च्या आधी सहा घरं मोकळी राहणार. आपण तारखांऐवजी नुसते दिवसांचे आकडे मोजू. सातव्या घरात १ यायला हवा असेल तर पहिल्या घरात त्याहून सहाने कमी, म्हणजे उणे ५ असायला हवा. सर्वसाधारणपणे पहिल्या घरातला आकडा म्हणजे २ वजा वार. रविवारी सुरू होणाऱ्या महिन्याला २ वजा १ म्हणजे १, तेव्हा पहिलंच घर भरतं. शनिवारी सुरू होणाऱ्याला उणे ५. मधले सगळे वारही याच हिशेबात बसतात.

तर SEQUENCE ने उणे ५ पासून ओळीने पस्तीस आकडे टाकले: उणे ५, उणे ४, … ०, १, २, … २९. शेवट २९ वर आला, ३० आणि ३१ बाहेर राहिले. आणि सुरुवातीला शून्य नि उण्याचे मिळून सहा आकडे उगाच बसले आहेत. आता त्या सहा आकड्यांत ३५ मिळवा. उणे ५ चे ३० होतात, उणे ४ चे ३१. पुढचे ३२ ते ३५ महिन्यात नसतात म्हणून ती घरं कोरी ठेवायची. ३५ ही बेरीज उगाच निवडलेली नाही. पाच आठवड्यांचे दिवस ३५, आणि सातच्या पटीत पुढे गेलं की वार बदलत नाही. म्हणून रविवारच्या घरात बसलेली ३० तारीख खरोखर रविवारचीच असते. भिंतीवरच्या कॅलेंडराचा तोच तोडगा इथे एका बेरजेत उतरतो.

A4 ते A10 मध्ये रवि ते शनि असे वार लिहा आणि B4 मध्ये हे टाका:

```
=LET(p, DATE(D1,B1,1),
 n, DAY(EOMONTH(p,0)),
 g, TRANSPOSE(SEQUENCE(5,7,2-WEEKDAY(p))),
 h, IF(g<1, g+35, g),
 IF(h>n, "", h))
```

p म्हणजे महिन्याची १ तारीख, n म्हणजे महिन्याचे दिवस, g म्हणजे कच्ची जाळी, h म्हणजे ३५ मिळवून झालेली जाळी. SEQUENCE आडवं भरतं, म्हणून TRANSPOSE ने ते उभं करून घेतलं. वार वर आडवे आवडत असतील तर TRANSPOSE काढून टाका आणि वारांची नावं वरच्या ओळीत लिहा. एंटर दाबताच B4 ते F10 एकदम भरतात. बाकीच्या घरांत काहीही टाकायचं नाही.

यात ३० नि ३१ चं घर दुसऱ्या कुठल्या तारखेवर तर येणार नाही ना, अशी शंका येणं साहजिक आहे. येणार नाही. उरलेल्या तारखा आणि मोकळी घरं यांचा हिशेब मिळून पस्तीसच होतो, आणि एकतीस दिवसांच्या महिन्यात घरं नेहमी पुरून उरतात. तरी खात्री हवी असेल तर एखाद्या बाजूच्या सेलमध्ये =COUNT(B4#) लिहा. ऑगस्टला ३१ यायला हवेत. मग B1 मध्ये 2 टाकून पाहा. फेब्रुवारी २०२६ रविवारी सुरू होऊन शनिवारी संपतो, म्हणून चार रकाने काठोकाठ भरतात आणि पाचवा पूर्ण कोरा राहतो. मे टाकला तर ३१ तारीख एकटीच पहिल्या रविवारच्या घरात जाऊन बसते.

चुकीचं कॅलेंडर अगदी बरोबर दिसू शकतं, हा खरा धोका आहे. वर्षाच्या सेलमध्ये घाईत 26 टाकलं तर एक्सेल तक्रार करत नाही, ते १९२६ धरतं. १ ऑगस्ट १९२६ ला रविवार होता, तेव्हा सगळे वार सरकतात. महिन्याच्या जागी 13 टाकलं तर पुढच्या वर्षाचा जानेवारी येतो. म्हणून पानावरचं शीर्षक हाताने लिहू नये. A2 मध्ये =DATE(D1,B1,1) लिहून त्याला mmmm yyyy फॉरमॅट द्यावं, म्हणजे एक्सेलने नक्की कोणता महिना धरला तो वरच दिसतो. शिवाय B1 वर डेटा व्हॅलिडेशन लावून १ ते १२ एवढेच आकडे घ्यायला सांगावं.

दुसरा घोळ होतो तो लिहिण्याचा. या पस्तीस घरांपैकी कुठल्याही घरात तुम्ही ‘खाडा’ किंवा ‘२ लिटर’ असं टाइप केलंत की सगळं कॅलेंडर नाहीसं होऊन B4 मध्ये #SPILL! दिसतं. फॉर्म्युलाला पसरायला मोकळी जागा लागते, आणि मध्ये एखादी नुसती स्पेस पडली असली तरी ती अडते. जोडलेले सेल असतील तरी हेच होतं. टाइप केलेलं पुसा, कॅलेंडर परत येतं. मला विचाराल तर या घरांत टाइप करूच नये. महिना बदलला की तारखा हलतात आणि नोंद तिथेच राहते, मग ९ तारखेचा खाडा दुसऱ्याच दिवसावर पडतो. घरं मोठी ठेवून छापावीत आणि पेनाने लिहावं, दुधाच्या हिशेबाला तेच बरं.

वार उभे ठेवण्याचा एक फायदा सहज मिळतो. रविवारची ओळ लाल करायची तर कुठलाही नियम लिहावा लागत नाही, चौथी ओळ सरळ लाल करून टाकायची. सप्टेंबर २०१५ पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. आठवडा रविवारपासून धरल्यामुळे पहिल्या रकान्यातला शनिवार हाच महिन्याचा पहिला शनिवार असतो, कधीही कोरा नसतो. म्हणून C10 आणि E10 कायमचे करडे करून ठेवले तरी वर्षभर चालतं. आठवडा सोमवारपासून धरला असता आणि महिना रविवारी सुरू झाला असता, तर पहिल्या रकान्यातलं शनिवारचं घर कोरं गेलं असतं आणि ही सोय मोडली असती.

मराठी आकडे हवे असतील तर घरांना कस्टम फॉरमॅटमध्ये [$-4000439]0 द्या. छापताना पान आडवं करा, प्रिंट एरिया A1 ते F10 ठेवा आणि सगळं एका पानावर बसवायचा पर्याय निवडा. ओळींची उंची ६० च्या आसपास ठेवली आणि तारीख वरच्या डाव्या कोपऱ्यात घेतली की खाली लिहायला जागा मिळते. बारा महिने एकदम हवे असतील तर शीटच्या बारा प्रती करून प्रत्येकीच्या B1 मध्ये एकेक महिना टाकावा.

गुगल शीट्समध्ये हाच फॉर्म्युला चालतो, फक्त तो सगळा ARRAYFORMULA( ) च्या कंसात घालावा लागतो. एक्सेल २०१९ किंवा त्याआधीचं असेल तर #NAME? येतं, कारण त्यात SEQUENCE आणि LET नाहीत. तिथे B4 मध्ये 2-WEEKDAY(DATE(D1,B1,1)), खालच्या घरात वरच्यापेक्षा एक जास्त आणि शेजारच्या रकान्यात सात जास्त, अशी कच्ची जाळी एका शीटवर करायची. ३५ मिळवणं आणि कोरी घरं ठेवणं हे काम मग दुसऱ्या शीटवर साध्या IF ने होतं.

तिथी मात्र यात येणार नाहीत. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की तिथी बदलते. चंद्राचा वेग कमी-जास्त होत असल्याने तिथी कधी एकोणीस-वीस तासांत संपते तर कधी सव्वीस तास चालते. ती ओळीने एकेक वाढवत नेता येत नाही, कारण एखादीचा क्षय होतो आणि एखादीची वृद्धी. चतुर्थी, एकादशी आणि सणवार पंचांगात पाहून, छापलेल्या पानावर हातानेच लिहावे लागतात.