दसरा ते दिवाळी : अनारशाच्या तारखेवर बांधलेले वेळापत्रक

दिवाळीची तयारी कोठून सुरू करावी, असे विचारले तर बहुतेक गृहिणी ‘साफसफाईपासून’ असे म्हणतील. आमच्या मते ती अनारशापासून मोजावी. म्हणजे अनारसे कोणत्या तिथीला तळायचे हे आधी ठरवावे आणि तेथून मागे मागे येत बाकीची कामे बसवावीत. फराळातला एवढा एकच जिन्नस असा आहे की तो बिघडला तर त्याच दिवशी पुन्हा करता येत नाही.

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी, ऊन पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध असलेल्या अकलोलीतले एखादे घर डोळ्यांपुढे आणा. मुंबई-ठाण्याची मुलेबाळे दिवाळीला तेथे जमायची आहेत. दसऱ्यापासून नरकचतुर्दशीपर्यंत म्हणायला तीन आठवडे, प्रत्यक्षात जेमतेम वीस दिवस. त्यातून परतीचा पाऊस अजून गेलेला नसतो. सकाळी लख्ख ऊन, तर दुपार कलल्यावर गडगडाट! म्हणून धुणे-वाळवणे सारे दुपारच्या आत उरकावे लागते.

दसरा झाला की दुसऱ्या दिवशी झाडू हाती घ्यावा, तो मात्र आधी स्वयंपाकघरात. दिवाणखाना पाहुणे पाहतात म्हणून आपण तेथून सुरुवात करतो. पण पुढच्या आठवड्यात तांदूळ वाळवायला धूळ नसलेली जागा लागते ती स्वयंपाकघरालगतच. आधी माळा, मग जळमटे, मग फळ्या आणि शेवटी जमीन. फराळाचे डबे याच वेळी घासून उन्हात ठेवावेत. डब्याच्या कडेत राहिलेला ओलावा चकली मऊ पाडायला पुरेसा होतो. पितळेची भांडी मात्र अगदी शेवटी घासावीत. आज चिंचेने लखलखीत केलेले तांब्या-पितळ पंधरवड्यात पुन्हा काळवंडते.

कोजागिरीच्या आत खरेदीची यादी हवी. किरकोळ वस्तू वज्रेश्वरीला मिळतील. कापडचोपड आणि घाऊक किराणा यांसाठी भिवंडीची एक फेरी पुरे. तांदूळ घेताना जुना आहे ना, हे विचारून घ्यावे. या दिवसांत शिवारात नवे भात येते. त्याचे पोहे फार सुरेख होतात; पण अनारशाला तो तांदूळ चिकट पडतो. चकलीची भाजणीही याच आठवड्यात भाजून दळून आणावी, नंतर गिरणीत रांग लागते.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, वद्य प्रतिपदेला, १ किलो जाडा तांदूळ भिजत घालावा. तीन दिवस पाणी रोज बदलावे. चतुर्थीला उपसून सावलीत फडक्यावर पसरावा. दाणा तळहाताला चिकटत नाही, पण दाबला तर आत ओलसर लागतो, अशा वेळी तो कुटावा किंवा मिक्सरवर दळावा. उन्हात कडकडीत वाळू दिलात तर पिठात गूळ मुरत नाही. पीठ बारीक चाळून त्यातले वाटीभर बाजूला ठेवावे. ते का, हे पुढे येईल. उरलेल्यात पाऊण किलो चिरलेला गूळ व चमचाभर तूप मळून घट्ट गोळे डब्यात भरावेत.

पाच दिवसांनी, म्हणजे नवमीला, एकच अनारसा खसखशीवर थापून मंद आचेवरच्या तुपात सोडावा, खसखशीची बाजू वर. उलटू नये, झाऱ्याने वर तूप उडवीत राहावे. जाळी पडली की जिंकलेच. तो ‘हसला’, म्हणजे तुपात विरघळून पसरला, तर गूळ किंवा ओल जास्त झाली. तेथे ते राखून ठेवलेले वाटीभर पीठ उपयोगी पडते. उलट तो दगडासारखा घट्ट राहिला, तर पिकलेल्या केळ्याचा लहानसा तुकडा मळून अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. आणि काहीच साधेना, तर नवमीलाच दुसरा तांदूळ भिजवावा. मुरायला वेळ कमी मिळेल, पण पाडव्याच्या ताटात अनारसा निश्चित दिसेल. वेळापत्रक इतके मागे ओढले ते याच नवमीसाठी!

पुढचे तळण दशमी ते द्वादशी. एका कढईत आधी शंकरपाळे आणि सुक्या खोबऱ्याच्या करंज्या, नंतर शेव-चकली. उलट केले तर तिखटाचा वास करंजीला लागतो. बेसनाचे लाडू आधी वळले तरी चालतात. ओल्या नारळाचे काही करायचे असेल तर ते धनत्रयोदशीनंतरच, आणि तेही दोन दिवसांत संपेल इतकेच. अनारसे सगळ्यांच्या मागून, वेगळ्या तुपात; गुळाने ते तूप काळे होते. तळलेले अनारसे चाळणीत उभे लावून ठेवावेत. डबा बंद करायचा तो दुसऱ्या दिवशी, तूप पुरते निथळल्यावर.