चारचौघांत बोललेलं मागे घेताना

एका सहकारी बँकेच्या शाखेतली वसुलीची मासिक बैठक डोळ्यांसमोर आणा. कर्ज विभागातल्या अधिकारी मॅडमनी थकबाकीदारांची यादी मांडली. तिच्यात हप्ते भरलेली दोन खाती चुकून थकीत दाखवली गेली होती. शाखाधिकारी सगळ्यांसमोर कडाडले, "साधी यादी जमत नसेल तर काउंटरवर बसा!" बैठक पुढे चालली, पण मॅडम त्यानंतर एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी साहेबांना चुटपुट लागली आणि त्यांनी मेल लिहिला:

"आज बैठकीत थोडं जास्त बोललं गेलं. तुम्हाला वाईट वाटलं असल्यास क्षमस्व. पण मुख्य कार्यालयाचा दबाव होता आणि यादी नीट तपासली असती तर हा प्रसंगच आला नसता. दुरुस्त यादी उद्या सकाळी पाठवावी."

अशा मेलने दुखावलेला माणूस आणखी दुखावतो. "बोललं गेलं" असं लिहिलं की बोलणारा माणूसच वाक्यातून गायब होतो. "वाईट वाटलं असल्यास" म्हणजे चूक साहेबांच्या बोलण्यात नाही, मॅडमच्या हळवेपणात आहे. "पण"नंतर पुन्हा तीच खरडपट्टी. आणि शेवटी काम सोपवलेलं, म्हणजे माफी त्या सूचनेआधीची औपचारिकता ठरली.

इथे खरी अडचण अशी की यादी चुकली होतीच. त्यामुळे अनेक वरिष्ठांना वाटतं, माफी मागितली तर चूक खपवून घेतल्यासारखं होईल. माझ्या मते या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या काढता येतात आणि काढायलाच हव्यात. यादीतली चूक मॅडमची, तिच्याबद्दल बंद दाराआड बोलायचं. बोलण्याची जागा आणि भाषा ही चूक साहेबांची. माफीचा मेल फक्त या दुसऱ्या चुकीबद्दल असावा. यादीचा त्यात उल्लेख आला, तरी तिच्याविषयी तक्रार येऊ नये.

रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माफीचे सहा घटक तपासले होते: खेद, कारणमीमांसा, जबाबदारीची कबुली, पुन्हा न करण्याची ग्वाही, भरपाईची तयारी आणि क्षमेची विनंती. लोकांच्या लेखी सर्वांत वजनदार ठरली ती जबाबदारीची कबुली, तिच्या पाठोपाठ भरपाईची तयारी. क्षमेची विनंती सर्वांत हलकी ठरली. कार्यालयात तर ती विनंती जाचकही होते, कारण ज्यांच्या हाती आपला गोपनीय अहवाल आहे त्यांना "माफ केलं नाही" असं कोण सांगणार?

हे ध्यानात घेऊन तोच मेल असा लिहिता येईल:

"नमस्कार मॅडम, आजच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर तुम्हाला 'काउंटरवर बसा' असं म्हणालो. ते बोलणं अपमानकारक होतं आणि चूक माझी आहे. यादीबद्दल मला जे सांगायचं होतं ते केबिनमध्ये सांगता आलं असतं. मी ते केलं नाही, याचा मला खेद आहे. यापुढे कुणाच्याही कामातल्या त्रुटींबद्दल मी बैठकीत बोलणार नाही. तुमची हरकत नसेल तर पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला सर्वांसमोर हे मान्य करीन. तुम्हाला तो विषय पुन्हा निघायला नको असेल, तर तसं सांगा. या मेलला उत्तर दिलंच पाहिजे असं नाही."

साहेबांनी आपलेच शब्द जसेच्या तसे उद्धृत केले आहेत. "कठोर बोललो" असं मोघम लिहिलं असतं, तर काय बोललो हे त्यांना आठवतं तरी का, अशी शंका राहिली असती. सर्वांसमोर माफी मागायची की नाही, हा निर्णय मॅडमच्या हाती दिला आहे. अपमान चारचौघांत झाला म्हणून मेलची प्रत सगळ्या शाखेला धाडण्याची घाई अनेक जण करतात. पण काहींना त्या प्रसंगाची पुन्हा चर्चाच नको असते, आणि विचारल्याशिवाय ते कळत नाही.

मेलआधी शक्यतो समोरासमोर दोन वाक्यं बोलावीत आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मेल धाडावा. नुसता मेल आला तर साहेब नजर चुकवताहेत असं वाटतं. नुसतं बोलणं झालं, तर दिलेल्या शब्दाला लेखी आधार उरत नाही.

विश्वास परततो आहे का, हे मेलच्या उत्तरावरून ठरवू नये. "ठीक आहे सर" हे उत्तर भीतीपोटीही येतं. त्याऐवजी पुढच्या काही बैठका पाहाव्यात. मॅडम स्वतःहून एखादी अडचण मांडतात का? "या खात्याबद्दल माझी खात्री नाही, जरा तपासूया" असं म्हणतात का? त्या फक्त विचारल्यापुरतं बोलत असतील आणि चुका शेवटच्या क्षणापर्यंत लपत असतील, तर दुरावा तसाच आहे. यादी बैठकीच्या आदल्या दिवशी दोघांनी मिळून पडताळण्याची पद्धत साहेबांनी सुरू केली, तर मेलमधल्या शब्दाला रोजच्या कामात जागा मिळते. पुन्हा तसाच प्रसंग घडला, तर दुसरा मेल कितीही नेटका असला तरी मॅडम तो पहिल्या मेलशेजारी ठेवूनच वाचतील.